उन्हाळ्यात ओळीने ‘स्कँटी’ येऊ लागल्या तर: थुंकीच्या स्लाइडवरचा खरा जंतू कसा ओळखायचा आणि मोजायचा

तक्रार दरवर्षी साधारण एकाच सुमारास येते. एप्रिल सरतो, पारा पंचेचाळिशीकडे जातो, आणि एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या लॅब रजिस्टरमध्ये क्षयाच्या थुंकी-तपासणीत ‘स्कँटी’ निकालांची, म्हणजे स्लाइडवर जेमतेम मोजके जंतू दिसल्याच्या नोंदींची, रांग लागते. स्कँटी १, स्कँटी २, परत स्कँटी १. एरवी तिथे महिन्याकाठी एखादी स्कँटी निघत असते. टेक्निशियन तीच, मायक्रोस्कोप तोच. सुपरवायझर स्लाइड परत पाहतो तेव्हा निम्म्यांत त्याला काहीच सापडत नाही. मग एक तर सगळ्यांवरच अविश्वास सुरू होतो, किंवा टेक्निशियन एक-दोन जंतू दिसले तरी ‘निगेटिव्ह’ लिहायला लागते. दुसरे जास्त घातक आहे, कारण त्या रांगेत एखादा खरा पेशंट असतोच.

हे लिखाण झील-नील्सन पद्धतीने रंगवलेल्या स्लाइडबद्दल आहे. लाल रंगाचे जे काही दिसते ते जंतू आहे की नाही, असेल तर तो पेशंटच्या थुंकीतला आहे की आपल्या टेबलावरून आलेला आहे, आणि मोजून ग्रेड कोणती द्यायची, या क्रमाने पाहू.

आधी लाल दिसते ते काय आहे

क्षयाच्या जंतूची भिंत मेणचट असते. फिनॉल आणि उष्णता यांच्या मदतीने कार्बोल फ्युक्सिन हे लाल स्टेन त्या भिंतीतून आत शिरते आणि नंतर २५ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड घातले तरी बाहेर येत नाही. बाकीच्या पेशी आणि जंतू अ‍ॅसिडने रंग सोडतात व मिथिलीन ब्लू घेऊन निळे होतात. म्हणून चांगल्या स्लाइडमध्ये निळसर पार्श्वभूमी, निळी केंद्रके असलेल्या पू-पेशी आणि त्यांच्यामधून बारीक लाल काड्या दिसतात.

या काड्या १ ते १० मायक्रॉन लांब आणि अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाड असतात. किंचित वाकलेल्या, टोके गोलसर, आणि बऱ्याचदा मण्यामण्यांच्या, म्हणजे मध्येमध्ये रंग तुटलेला. कधी एकट्या, कधी दोन काड्या इंग्रजी व्ही अक्षरासारख्या टेकलेल्या, कधी जुडगा. ज्या जागी पू-पेशी आणि श्लेष्माचे धागे आहेत तिथे त्या सापडतात.

आता नकली काय काय असते ते पाहू. आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे फ्युक्सिनचे स्फटिक. मे महिन्यात स्लाइडवर ओतलेले स्टेन तापवताना कडेने भराभर आटते आणि आटले की स्फटिक बसतो. हे कण गडद, जवळजवळ काळपट किरमिजी असतात, कडा टोकदार किंवा दाणेदार असतात. सगळे एका जाडीचे नसतात, आणि फाइन फोकस थोडा हलवला की चमकतात. खऱ्या जंतूची जाडी सर्वत्र सारखी असते आणि तो असा चमकत नाही.

दुसरा प्रकार खर्र्याचा. ‘तोंड धुवून या’ म्हटले तर ‘आत्ताच खर्रा खाल्ला जी’ असे उत्तर मिळते आणि थुंकीच्या डबीत सुपारीचे कण उतरतात. सुपारीचे आणि तंबाखूच्या पानाचे तंतू लाल रंग धरून ठेवू शकतात. ते लांबलचक, असमान रुंदीचे आणि पू-पेशीच्या मानाने फार मोठे असतात. लांबीने ते सरळ ओळखू येतात, पण तंतूचा तुटलेला बारीक तुकडा एकटा पडला की गोंधळ होतो. अशा स्लाइडवर आजूबाजूला मोठे तंतू आहेत का ते आधी पाहावे. असतील तर त्या नमुन्यातल्या एकट्यादुकट्या काडीवर निकाल देऊ नये; पेशंटला साध्या पाण्याने तोंड खळखळून धुवायला लावून दुसरा नमुना घ्यावा.

तिसरा प्रकार जुन्या स्लाइडवरच्या ओरखड्यांचा. ओरखड्यात रंग साचतो, पण ओरखडे सरळ असतात आणि एकमेकांना समांतर जातात. थुंकीसाठी वापरलेली स्लाइड धुऊन पुन्हा थुंकीलाच वापरणे म्हणजे आधीच्या पेशंटचे जंतू पुढच्याला देणे. ते कधीच करू नये.

यापलीकडे एक चाचणी आहे, ती प्रत्येक संशयास्पद काडीवर करावी. शेजारच्या पू-पेशीच्या केंद्रकावर फोकस आणा. केंद्रक स्वच्छ दिसत असताना काडीही स्वच्छ दिसली, तर दोघे एकाच पातळीवर आहेत, म्हणजे काडी थुंकीच्या आतच वाळून बसलेली आहे. काडी स्वच्छ करायला केंद्रक धूसर करावे लागत असेल, तर ती थुंकीच्या वर येऊन पडलेली आहे. स्फटिक, तेलातून आलेला जंतू, पाण्यातून आलेला जंतू हे तिघेही बहुधा वरच्या पातळीवर सापडतात. फक्त स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थुंकीचा थर, जाड असेल तर ही चाचणी फसते, कारण थुंकीलाच दोन-तीन पातळ्या असतात. म्हणून वाळलेल्या, अजून न रंगवलेल्या स्मिअरखाली वर्तमानपत्र धरून पाहावे. अक्षरे जेमतेम वाचता आली पाहिजेत. अजिबात वाचता येत नसतील तर स्मिअर जाड आहे, ठळक वाचता येत असतील तर पातळ.

एका केंद्रावर काय झाले

पूर्व विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयातले उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात तीन वेगवेगळी कारणे एकाच रांगेत सापडली.

मे महिना होता. थोड्या दिवसांत सहा स्लाइड स्कँटी निघाल्या होत्या, सगळ्या १ ते ६ च्या दरम्यान. टेक्निशियन ताई अनुभवी होत्या आणि त्यांनी योग्य गोष्ट केली होती: प्रत्येक वेळी आकडा लिहिला होता आणि स्लाइड फेकल्या नव्हत्या. पहिला संशय सगळ्यांना येतो तो तेलाचा, आणि तोच आधी तपासला. जंतूंनी भरलेली ३+ स्लाइड पाहिल्यावर लेन्सला तेल लागलेले राहते, त्या तेलात सुटलेले जंतू तरंगतात आणि पुढच्या स्लाइडवर उतरतात. तेलाच्या बाटलीची काडी स्लाइडला टेकवली तर अख्खी बाटलीच दूषित होते. हे ओळखण्यासाठी रजिस्टरमधला क्रम पाहायचा: स्कँटी निकाल जोरदार पॉझिटिव्हच्या लगेच नंतर येतात का? इथे तसे नव्हते. सहापैकी दोन स्लाइड त्या त्या दिवशी पहिल्याच पाहिलेल्या होत्या आणि त्याच्या आदल्या दिवशी एकही पॉझिटिव्ह नव्हती. तरीही तेलाची नवी बाटली उघडली आणि सोपा नियम लावला, की थेंब वरून पडू द्यायचा, काडी काचेला लावायची नाही, आणि प्रत्येक पॉझिटिव्ह स्लाइडनंतर लेन्स लेन्स-पेपरने टिपायची.

मग सहाही स्लाइड आधीचा निकाल न सांगता दुसऱ्या व्यक्तीने वाचल्या. दोनवर फक्त स्फटिक निघाले: गडद, टोकदार, चमकणारे. उरलेल्या चारांवर खरोखर लाल, सडपातळ, अ‍ॅसिडला न जुमानणाऱ्या काड्या होत्या. पण त्या चारांपैकी तिघींत काड्या पू-पेशींच्या पातळीच्या वर होत्या, आणि दोनवर तर स्मिअर संपल्यानंतरच्या मोकळ्या काचेवरही एखादी काडी सापडली. जिथे थुंकी लागलेलीच नाही तिथे पेशंटचा जंतू येण्याचे कारण नाही. चौथी स्लाइड वेगळी होती. तिच्यात सहा काड्या होत्या, मण्यामण्यांच्या, श्लेष्माच्या धाग्यात अडकलेल्या, केंद्रकांबरोबर एकाच फोकसमध्ये येणाऱ्या.

म्हणजे दोन स्फटिकाच्या, तीन टेबलावरून आलेल्या, आणि एक बहुतेक खरी. आता टेबलावरून म्हणजे नेमके कुठून, हे शोधायचे होते.

यासाठी मोकळी काच रंगवून पाहणे पुरेसे नाही, कारण गुळगुळीत काचेवर जंतू फारसे टिकत नाहीत, बहुतेक धुऊन जातात. म्हणून एका जुन्या दम्याच्या पेशंटची भरपूर पू-पेशी असलेली थुंकी घेतली. तिची स्मिअर आणि क्षयाच्या जंतूचा डीएनए शोधणारी ट्रूनॅट तपासणी दोन्ही निगेटिव्ह होते. त्या एकाच नमुन्याच्या सहा स्मिअर नव्या काचांवर केल्या. दोन नेहमीच्या स्टेनने रंगवून नेहमीच्या टाकीच्या पाण्याने धुतल्या. दोन नेहमीच्याच स्टेनने रंगवल्या, पण धुतल्या नव्या सीलबंद कॅनमधल्या डिस्टिल्ड वॉटरने. उरलेल्या दोन जिल्ह्याकडून आलेल्या नव्या स्टेनने रंगवून डिस्टिल्डने धुतल्या. एका जोडीत आणि दुसऱ्या जोडीत फक्त एकच गोष्ट बदललेली असावी, हे यात महत्त्वाचे. सगळे एकदम बदलले तर त्रास थांबतो, पण कशाने थांबला ते कळत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात परत येतो.

टाकीच्या पाण्याने धुतलेल्या दोन स्लाइडवर १०० फील्डमध्ये २ आणि ३ लाल काड्या सापडल्या; फील्ड म्हणजे मायक्रोस्कोपमधून एका वेळी दिसणारा गोल भाग. बाकी चारही स्वच्छ.

दोष पाण्यात होता. उन्हाळ्यात नळ एक दिवसाआड येत होता, टाकीचे पाणी तळाला गेले होते, आणि तळापासून सिंकपर्यंत येणाऱ्या रबरी नळीच्या आतून बोटाला बुळबुळीत थर लागत होता. अशा थरांत क्षयाच्या जंतूचे पाण्यात राहणारे भाऊबंद आरामात वाढतात. मायकोबॅक्टेरियम गॉर्डोनी हा त्यातला नेहमी सापडणारा. तो माणसाला सहसा काही करत नाही, पण त्याचीही भिंत मेणचट असते, म्हणून तो स्लाइडवर हुबेहूब लाल दिसतो. खात्री करण्यासाठी त्या नळीतल्या पाण्याचा थेंब नव्या काचेवर वाळवला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, असा थर चढवून फिक्स केला, रंगवला आणि डिस्टिल्डने हलकेच धुतला. लाल काड्या शोधाव्याच लागल्या नाहीत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ताईंनी मधल्या काळात पाणी उकळून वापरले होते आणि तरीही स्कँटी येत राहिल्या, म्हणून पाण्यावरचा संशय त्यांनी सोडून दिला होता. उकळल्याने जंतू मरतो, पण मेलेल्या जंतूची मेणचट भिंत तशीच राहते आणि ती तितकीच लाल होते. उकळलेले पाणी प्यायला ठीक, स्लाइडसाठी त्याचा उपयोग नाही. जंतू पाण्यातून काढून टाकलेला हवा, म्हणजे ताजे डिस्टिल्ड किंवा ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलेले पाणी. डिस्टिल्डचा कॅन उघडा ठेवून महिनाभर वापरला तर त्यातही हेच होते. आणि मिथिलीन ब्लू किंवा अ‍ॅसिड कोणत्या पाण्यात बनवले होते तेही विचारावे. या केंद्रावर ते डिस्टिल्डमध्येच बनवले होते, म्हणून फेकावे लागले नाही.

नळी बदलली, स्लाइड धुण्यासाठी डिस्टिल्डची वेगळी पिचकारी-बाटली ठेवली. टाकी घासली, पण भरवसा टाकीवर ठेवला नाही. दर आठवड्याला, आणि स्टेनची नवी बाटली उघडली की, एक खात्रीची निगेटिव्ह आणि एक खात्रीची १+ स्लाइड सोबत रंगवायची असे ठरले. निगेटिव्हवर लाल दिसले तर त्या दिवशीचा एकही निकाल बाहेर जात नाही.

स्फटिकांचा बंदोबस्त

स्टेन वापरण्याआधी फिल्टर पेपरमधून गाळावे. काही जण स्लाइडवर फिल्टर पेपरची पट्टी ठेवून त्यावर स्टेन ओततात, तेही चालते. स्मिअर पूर्ण झाकेल एवढे स्टेन घालावे. खालून स्पिरिट दिवा फिरवावा, वाफ दिसली की दिवा काढावा, उकळू देऊ नये, आणि पाच मिनिटे थांबावे. या पाच मिनिटांत कुठेही कोरडे पडू लागले तर वरून स्टेन घालावे. मे महिन्यात हे प्रत्येक स्लाइडला करावे लागते. दिव्याची ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो आणि त्या खोलीत पाच मिनिटे उभे राहणे सोपे नसते. पण पंखा चालू ठेवला तर ज्योत एकीकडे झुकते, स्लाइडची एक बाजू आटते आणि दुसरी नीट तापतच नाही. एकाच स्लाइडवर डाव्या टोकाला स्फटिक आणि उजव्या टोकाला फिकट गुलाबी जंतू, असे मी पाहिले आहे. शक्य असेल तर स्टेनिंग सकाळी आठ-नऊच्या आत उरकावे.

स्फटिक घालवण्यासाठी अ‍ॅसिड जास्त वेळ ठेवणे किंवा कमी तापवणे हा उपाय नाही. २५ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड दोन ते चार मिनिटे ठेवायचे. पार्श्वभूमी अजून गुलाबी दिसत असेल तर धुऊन परत एकदा थोडा वेळ द्यायचे. स्फटिक अ‍ॅसिडने जात नाहीत, पण कमी तापवल्याने खऱ्या जंतूत रंगच शिरत नाही आणि १+ पेशंट निगेटिव्ह होऊन घरी जातो. मिथिलीन ब्लूही ३० सेकंदांपेक्षा फार जास्त ठेवू नये. पार्श्वभूमी गर्द निळी झाली तर फिकट जंतू तिच्यात हरवतात.

मोजणी कशी करायची

जंतू ओळखला तरी ग्रेड चुकू शकते, आणि ती बहुधा एकाच जागी चुकते: ‘दर १०० फील्डमध्ये’ आणि ‘दर फील्डमध्ये’ यांची सरमिसळ होते. १०० च्या ऑइल इमर्शन लेन्सने पाहिलेल्या झील-नील्सन स्लाइडसाठी तक्ता असा आहे:

| काय दिसले | निकाल | किती फील्ड पाहायची |
|---|---|---|
| १०० फील्डमध्ये एकही नाही | निगेटिव्ह | १०० |
| १०० फील्डमध्ये १ ते ९ | स्कँटी, नेमका आकडा लिहून | १०० |
| १०० फील्डमध्ये १० ते ९९ | १+ | १०० |
| दर फील्डमध्ये सरासरी १ ते १० | २+ | ५० |
| दर फील्डमध्ये सरासरी १० पेक्षा जास्त | ३+ | २० |

पहिल्या तीन ओळी १०० फील्डच्या बेरजेवर आहेत, शेवटच्या दोन एका फील्डच्या सरासरीवर. सगळे एकाच मापात आणले तर चित्र स्पष्ट होते: १+ म्हणजे फील्डमागे ०.१ ते ०.९९, २+ म्हणजे १ ते १०, ३+ म्हणजे त्याहून जास्त. प्रत्येक पायरी साधारण दहापटीची आहे.

फील्ड मोजायचे ते एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सरळ रेषेत, एकही न वगळता. फील्डचा व्यास साधारण ०.२ मिलिमीटर असतो, म्हणून १०० फील्ड म्हणजे स्मिअरवरचे २ सेंटिमीटर अंतर. आपली स्मिअर ३ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद असते, तेव्हा एका सरळ चालीत १०० फील्ड आरामात होतात. मात्र ज्या फील्डमध्ये पू-पेशी किंवा श्लेष्माचे धागे काहीच नाहीत, ते मोजणीत धरू नये. नुसती लाळ किंवा मोकळी काच पाहून १०० भरवले तर ती तपासणी फुप्फुसातल्या बेडक्याची होत नाही. अशी फील्ड फारच येत असतील तर स्लाइडवर वेळ घालवण्यापेक्षा दुसरा नमुना मागवावा.

वर सांगितलेल्या चौथ्या स्लाइडच्या पेशंटचे उदाहरण पाहू. पहिल्या नमुन्यात १०० फील्डमध्ये ६, म्हणजे स्कँटी ६. त्याला सकाळी उठल्याउठल्या खोकून काढलेला बेडका आणायला सांगितला. त्या स्लाइडवर पहिल्या २० फील्डमध्ये ३ जंतू सापडले, पन्नासाव्यापर्यंत बेरीज ५ झाली, सत्तराव्या फील्डमध्ये एकदम ४ जंतूंचा जुडगा दिसला आणि १०० संपले तेव्हा एकूण १४ झाले. निकाल १+. त्या जुडग्यापाशी थांबून ‘एका फील्डमध्ये चार, म्हणजे २+’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण २+ ला सरासरी एक हवी आणि इथे सरासरी ०.१४ आहे. उलट दुसऱ्या एका स्लाइडवर ५० फील्डमध्ये १३० जंतू असतील, तर १३० भागिले ५० म्हणजे २.६, ती २+. तिथे शंभरापर्यंत जाण्याची गरज नाही. चौथ्या स्लाइडच्या त्या पेशंटचा ट्रूनॅट पॉझिटिव्ह आला आणि उपचार सुरू झाले. बाकी पाच जणांचे नवे नमुने डिस्टिल्डने धुऊन पाहिले, ट्रूनॅटलाही पाठवले, पाचही निगेटिव्ह. जुन्या नोंदी खोडल्या नाहीत, नव्या नमुन्याची नवी नोंद केली आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कारण कळवले.

दोन वाचकांचे आकडे वेगळे आले तर

पाणी, तेल, स्टेन सगळे स्वच्छ असतानाही एकीने स्कँटी २ लिहिले आणि दुसऱ्याला काहीच सापडले नाही, असे होईल. ते नेहमी कोणाची तरी चूक असते असे नाही. आपल्या स्मिअरचे क्षेत्रफळ ६०० चौरस मिलिमीटर. ०.२ मिलिमीटर व्यासाच्या फील्डचे क्षेत्रफळ सुमारे ०.०३. म्हणजे स्मिअरवर १९ हजारांच्या आसपास फील्ड असतात आणि आपण त्यांतली १०० पाहतो, दोनशेत एक. स्लाइडवर खरोखरच दर १०० फील्डला सरासरी २ जंतू विखुरलेले असतील, तर कोणत्याही १०० फील्डमध्ये एकही न सापडण्याची शक्यता सुमारे १३ टक्के असते. सरासरी १ असेल तर ती ३७ टक्क्यांवर जाते. पण सरासरी ६ असेल तर शून्य मिळण्याची शक्यता हजारात दोन-तीन एवढीच उरते. म्हणून एकाला २ आणि दुसऱ्याला ० हे समजण्यासारखे आहे, एकाला ८ आणि दुसऱ्याला ० हे नाही. तिथे कोणीतरी स्फटिक मोजले आहेत किंवा कोणीतरी स्लाइड पाहिलेलीच नाही.

फेरतपासणीचे नियमही हे धरूनच आहेत. स्कँटी लिहिलेली स्लाइड निगेटिव्ह निघाली किंवा निगेटिव्ह लिहिलेली स्कँटी निघाली, तर ती छोटी चूक. निगेटिव्ह लिहिलेली १+ किंवा वर निघाली, अथवा उलटे झाले, तर मोठी. स्कँटी आणि १+ किंवा १+ आणि २+ असा शेजारच्या पायरीचा फरक चूक धरत नाहीत. १+ आणि ३+ असा दोन पायऱ्यांचा फरक मोजणीची चूक धरतात. एका छोट्या चुकीवरून टेक्निशियनला बोल लावू नये. एकाच केंद्रावर छोट्या चुका एकाच दिशेने येत राहिल्या, सगळ्या खोट्या पॉझिटिव्ह किंवा सगळ्या खोट्या निगेटिव्ह, तर मात्र कारण शोधायला बसावे, कारण नशिबाने पडणारा फरक दोन्ही दिशांना पडतो. फेरतपासणीसाठी पेटीत स्लाइड रजिस्टरच्या क्रमाने ठेवाव्या. पॉझिटिव्ह वेगळ्या काढल्या तर नमुना निवडण्यालाच अर्थ राहत नाही, आणि वरच्यासारखा क्रमावरून शोध घेण्याची सोयही जाते.

शून्य आणि एक यांच्यात अडकलात तर आणखी १०० फील्ड पाहा, आणि संशयास्पद काडीची जागा काचेच्या खालच्या बाजूने मार्करने खूण करून दुसऱ्याला दाखवा. दिवसाला वीस-पंचवीसहून जास्त स्लाइड एका माणसाने पाहू नयेत. १०० फील्डना किमान पाच मिनिटे लागतात आणि त्याहून लवकर झाले असतील तर ते १०० नव्हते.

स्कँटीवरून काय सांगता येते आणि काय नाही

स्लाइडवर जंतू दिसण्यासाठी एक मिलिलिटर थुंकीत ५ ते १० हजार जंतू असावे लागतात. सीबीनॅट या ट्रूनॅटसारख्याच डीएनए शोधणाऱ्या तपासणीला याच्या मानाने फार थोडे पुरतात, सुमारे १३०. म्हणून निगेटिव्ह स्लाइड म्हणजे क्षय नाही असे होत नाही, आणि निदानासाठी आता शक्य तिथे सीबीनॅट किंवा ट्रूनॅटच आधी करतात. १ ते ३ जंतूंच्या स्कँटीचा कल्चरशी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीशी, मेळ नीट बसत नाही, हे जुने निरीक्षण आहे. अशा नवीन पेशंटचा दुसरा नमुना त्याच दिवशी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीला पाठवावा. गॉर्डोनीसारखा पाण्यातला जंतू असेल तर ती क्षय म्हणून पॉझिटिव्ह येणार नाही, म्हणून पाण्याच्या भानगडीतही तिचाच आधार घेता येतो.

उपचारावर असलेल्या पेशंटचे वेगळे आहे. दोन महिन्यांनी स्कँटी ४ आली तर ते मेलेले जंतूही असू शकतात, कारण मेलेलाही लाल दिसतो. सीबीनॅट-ट्रूनॅटसारखी नॅट तपासणी इथे मदत करत नाही, ती मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडते. जिवंत आहे का ते कल्चर सांगते. आधीची ग्रेड समोर असेल तर डॉक्टरांना अंदाज येतो: ३+ वरून स्कँटी ४ आणि निगेटिव्हवरून स्कँटी ४ हे दोन वेगळे पेशंट आहेत. म्हणूनच नुसते ‘स्कँटी’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ न लिहिता आकडा लिहायचा.

ज्या केंद्रांवर एलईडी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आला आहे त्यांनी वरचा तक्ता तिथे लावू नये. तिथे कमी भिंगाने पाहतात, एका फील्डमध्ये खूप मोठी जागा येते आणि आकडे साहजिक मोठे निघतात. ४०० पट भिंगावर ४० फील्डमध्ये १ ते १९ ही स्कँटी, २० ते १९९ ही १+, दर फील्डला ५ ते ५० ही २+ आणि त्याहून जास्त ३+. जुन्या सवयीने ४० फील्डमध्ये १२ जंतू पाहून १+ लिहिलेली रजिस्टरे मी पाहिली आहेत. ती स्कँटी १२ आहे. दोन्ही मायक्रोस्कोप एकाच खोलीत असतील तर प्रत्येकाच्या वर भिंतीला त्याचा त्याचाच तक्ता चिकटवावा, आणि रजिस्टरमध्ये निकालाशेजारी कोणत्या पद्धतीने पाहिले तेही लिहावे.